ब्रिनेल हार्डनेसवरून टेन्साइलचा अंदाज आणि त्याच्या मर्यादा

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत आमचा पंपाचे शाफ्ट बनवण्याचा कारखाना आहे. ईएन १९ चा १२० मिमी व्यासाचा बार बाहेरून हार्डन-टेम्पर करून घेतला. ग्राहकाला टेन्साइल ८५० ते १००० मेगापास्कल हवे आहे. आमच्या ब्रिनेल मशीनवर २७७ बीएचएन आले, ३.४५ ने गुणून ९५५ आले, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ग्राहकाने त्याच बारचा तुकडा लॅबला पाठवला तर रिपोर्ट ८३८ चा आला. आमचे मशीन चुकते की लॅब चुकते? आणि हार्डनेसवरून काढलेले टेन्साइल सर्टिफिकेटवर लिहिले तर चालते का?

उत्तर:

बहुधा आपले मशीनही बरोबर आहे आणि लॅबही बरोबर आहे. आपण बारच्या पृष्ठभागाची हार्डनेस घेतली आणि लॅबने बारच्या आतून काढलेला नमुना ओढला. १२० मिमी व्यासाच्या ईएन १९ मध्ये या दोन जागांचे पोलाद रासायनिकदृष्ट्या एकच असले तरी ताकदीने एक नसते. सर्टिफिकेटबद्दलचे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी ३.४५ हा आकडा कुठून येतो ते पाहू, कारण त्याची मर्यादा त्याच्या उगमातच आहे. ब्रिनेल चाचणीत १० मिमी व्यासाचा टंगस्टन कार्बाइडचा बॉल ३००० किलोग्रॅम भाराने दाबतात, भार दहा ते पंधरा सेकंद ठेवतात आणि उमटलेल्या ठशाचा व्यास मोजतात. भाराला ठशाच्या वक्र क्षेत्रफळाने भागले की बीएचएन मिळतो:

```
HB = 2F / ( π D (D − √(D² − d²)) )
```

यात F हा भार, D हा बॉलचा व्यास आणि d हा ठशाचा व्यास. म्हणजे बीएचएन हा मुळात दाबच आहे, फक्त तो किलोग्रॅम प्रति चौरस मिलिमीटरमध्ये असतो. मात्र बॉलखालचे पोलाद चारही बाजूंनी न हललेल्या पोलादाने जखडलेले असल्यामुळे ते सहजासहजी बाजूला सरकत नाही, आणि साध्या ओढण्यात किंवा दाबण्यात ते ज्या ताणाला वाहू लागले असते त्याच्या सुमारे तिप्पट दाब त्याला द्यावा लागतो. केंब्रिजच्या डेव्हिड टेबर यांनी या नात्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि आणखी एक गोष्ट दाखवली: ठशाचा व्यास बॉलच्या व्यासाच्या चार दशांश असेल तर ठशाखालचे पोलाद सरासरीने सुमारे आठ टक्के विकृत झालेले असते. यातून हिशेब असा निघतो की बीएचएनला ९.८१ ने गुणून मेगापास्कलमध्ये आणावे, मग तीनने भागावे, आणि येणारा ३.२७ पट आकडा म्हणजे आठ टक्के विकृतीला त्या पोलादाचा ताण.

आता मध्यम ताकदीचे हार्डन-टेम्पर केलेले पोलाद टेन्साइल मशीनवर ओढले तर त्याची मान बारीक व्हायला लागते ती साधारण याच विकृतीच्या आसपास, आणि कमाल भारही तिथेच येतो. दोन चाचण्या एकाच विकृतीपाशी भेटतात म्हणून गुणक ३.३ ते ३.५ च्या दरम्यान पडतो आणि बहुतेक साध्या व मिश्र पोलादांना चालतो. आयएसओ १८२६५ च्या तक्त्यात २३८ बीएचएनसमोर ८००, २६६ समोर ९०० आणि २८५ समोर ९६५ मेगापास्कल दिले आहेत. भागाकार करून पाहिला तर या पट्ट्यात गुणक ३.३६ ते ३.३९ असा येतो. म्हणजे आपण वापरलेला ३.४५ हा थोडा उदार आकडा आहे, पण चुकीचा नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण कारखान्यांत यावर नको तेवढा वाद होतो. गुणक ३.३० घ्यायचा की ३.४५, यावर २७७ बीएचएनला सुमारे ४० मेगापास्कलचा फरक पडतो. आपल्या आणि लॅबच्या आकड्यांत ११७ चा फरक आहे. तो गुणकाने भरून निघणार नाही. त्याचे कारण ठसा कुठे मारला यात शोधावे लागेल.

ईएन १९ मध्ये कार्बन साधारण ०.४ टक्के, क्रोमियम एक टक्क्याच्या आसपास आणि थोडे मॉलिब्डेनम असते. या मिश्रणाची हार्डनेबिलिटी मध्यम आहे. तेलात क्वेंच करताना पृष्ठभागालगतचा थर झपाट्याने थंड होऊन मार्टेन्साइट होतो, पण ६० मिमी आत असलेल्या गाभ्यातली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो आणि तिथे बेनाइट, कधी थोडे फेराइट-पर्लाइट तयार होते. टेम्परिंगने पृष्ठभागाची हार्डनेस खाली येते आणि दरी काहीशी कमी होते, पण बुजत नाही. क्वेंच ऑइलचे तापमान, ते ढवळण्याची सोय आणि एका चार्जमध्ये किती बार एकमेकांना चिकटवून लावले होते, यावर ही दरी किती रुंद पडेल ते ठरते. आपल्याकडे मे महिन्यात कूलरशिवाय चालणाऱ्या टाकीत तिसऱ्या-चौथ्या चार्जला तेल किती तापलेले असते, हे हीट ट्रीटमेंटवाल्याला एकदा विचारून पाहावे.

ही केवळ कारखान्यातली अडचण नाही, मानकांनीच ती मान्य केली आहे. ईएन १९ चा युरोपीय भाऊ ४२ क्रोमो ४ याला हार्डन-टेम्पर अवस्थेत ४० ते १०० मिमी व्यासासाठी ९०० ते ११०० मेगापास्कल दिले आहेत, १०० ते १६० मिमीसाठी ८०० ते ९५०, आणि त्यापुढे २५० मिमीपर्यंत ७५० ते ९००. तेच पोलाद, तीच प्रक्रिया, पण जाडी वाढली की अपेक्षा खाली. आपला १२० मिमीचा बार मधल्या गटात बसतो आणि लॅबचा ८३८ हा आकडा त्या गटाच्या मर्यादेत आहे. ग्राहकाने मागितलेला ८५० ते १००० हा पट्टा म्हणजे ब्रिटिश पद्धतीची ‘टी’ अवस्था. तिला २४८ ते ३०२ बीएचएन ही हार्डनेसही जोडलेली आहे. आपले २७७ त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर बसतात, म्हणूनच आपण निर्धास्त झालात.

आता हे सिद्ध कसे करायचे? लॅबकडून तुटलेला नमुना परत मागवा. नमुन्याचा मधला बारीक भाग ओढला गेल्यामुळे कडक झालेला असतो, म्हणून त्यावर हार्डनेस घेऊ नये. ग्रिपमध्ये धरलेला जाड टोकाचा भाग मात्र जसाच्या तसा असतो. त्या टोकाचा चेहरा सपाट घासून एमरीने साफ करा आणि तिथे हार्डनेस घ्या. टोक २० मिमी व्यासाचे असेल तर मोठ्या बॉलचा एकच ठसा मधोमध कसाबसा बसतो, कारण ठशाचे केंद्र कडेपासून ठशाच्या व्यासाच्या किमान अडीचपट दूर हवे. टोक त्याहून लहान असेल तर २.५ मिमीचा बॉल आणि १८७.५ किलोग्रॅम भार वापरावा; भार आणि बॉलच्या व्यासाचा वर्ग यांचे प्रमाण दोन्हीकडे ३० च राहते, म्हणून आकडे तुलनेला येतात. दोन्ही ठिकाणी एकच मशीन, एकच ऑपरेटर असावा.

या टोकावर २४५ च्या आसपास बीएचएन मिळाले तर प्रकरण मिटले. ८३८ ला २४६ ने भागले की ३.४१ येतात, म्हणजे पोलाद नेहमीसारखेच वागले आहे, लॅबने योग्य ओढले आहे आणि आपणही योग्य ठसा मारला आहे, पण दुसऱ्या जागी. टोकावर २७५ मिळाले तर मात्र लॅबला प्रश्न विचारावे लागतील, आणि पहिला प्रश्न नमुन्याच्या व्यासाबद्दलचा असावा. १२.५ मिमी व्यासाचे क्षेत्रफळ १२२.७ चौरस मिमी होते. प्रत्यक्षात नमुना १२.१ मिमीचाच खरादला गेला असेल आणि संगणकात १२.५ भरले गेले असेल, तर खरे क्षेत्रफळ ११५ आहे आणि ८३८ च्या जागी ८९४ यायला हवे होते. मायक्रोमीटरने एकदा मोजून घेण्याचे हे काम आहे, पण रांगेत नमुने लावून ओढताना ते राहून जाते. नमुना ग्रिपजवळ तुटला होता का, तुटलेल्या पृष्ठभागावर खराद-रेघेपासून सुरू झालेली फट दिसते का, हेही पाहावे.

दुसरी तपासणी आपल्याच हातातली आहे आणि ती मी अधिक महत्त्वाची मानतो. त्याच बारमधून एक चकती कापा. बारच्या टोकाची चकती घेऊ नका, कारण टोक तीन बाजूंनी थंड झालेले असते आणि बारच्या मधल्या भागापेक्षा जास्त कडक निघते. किमान एक व्यासाइतके, म्हणजे १२० मिमी आत जाऊन कापा. कापताना पाणी भरपूर सोडा, ग्राइंडरच्या पात्याने निळी पडलेली चकती तपासणीला निरुपयोगी असते. १५ ते २० मिमी जाडी पुरते. दोन्ही बाजू समांतर घासून कडेपासून केंद्राकडे एका त्रिज्येवर ठसे मारत जा. दोन ठशांच्या केंद्रांत ठशाच्या व्यासाच्या तिप्पट अंतर ठेवा, नाहीतर आधीच्या ठशाने कडक झालेली जागा पुढचा आकडा वाढवते. कडेचा पहिला ठसा १० मिमीच्या आत घेता येणार नाही, हे लक्षात ठेवा. त्याहून बाहेरचे पाहायचे असेल तर लहान बॉल किंवा विकर्स लागेल.

आपण सांगितलेल्या आकड्यांवरून मला असा काहीसा उतार अपेक्षित आहे: पृष्ठभागालगत २७५ ते २७७, साधारण १२ मिमी खोलीवर २६५, ३० मिमीवर २४६ आणि केंद्रात २४० च्या खाली. ३० मिमी ही खोली मुद्दाम सांगितली, कारण ती १२० मिमी बारची मधली त्रिज्या आहे, आणि मोठ्या व्यासाच्या बारचा टेन्साइल नमुना अमेरिकी पद्धतीत तिथूनच काढतात. युरोपीय पद्धतीच्या हार्डन-टेम्पर बारच्या मानकांत मात्र नमुना पृष्ठभागाखाली १२.५ मिमीवर घेतात. २६५ ला ३.४१ ने गुणले तर ९०४ येतात. म्हणजे याच बारमधून, याच लॅबने, नमुना दुसऱ्या खोलीवरून काढला असता तर तो बार सहज पास झाला असता. लॅबच्या रिपोर्टवर नमुन्याची जागा लिहिलेली आहे का ते आधी पाहा. नसेल तर फोन करून विचारा, कारण सगळा वाद त्या एका ओळीवर उभा आहे.

आपल्या पृष्ठभागाच्या मापनाबद्दलही थोडे लिहितो, कारण २७७ हा आकडा स्वतः किती पक्का आहे ते माहीत नसेल तर पुढचे गणित हवेत राहते. २७७ बीएचएन म्हणजे ठशाचा व्यास ३.६५ मिमी. ठसा ३.७० वाचला गेला तर २६९ येतात, ३.७५ ला २६२. म्हणजे सूक्ष्मदर्शकातून बघताना मिलिमीटरच्या विसाव्या भागाची चूक झाली की टेन्साइलचा अंदाज सुमारे २५ मेगापास्कलने हलतो. एकमेकांना काटकोनात दोन व्यास मोजून सरासरी घ्यावी आणि दोघांत लक्षणीय फरक असेल तर तो ठसा सोडून द्यावा. बारच्या गोल अंगावर थेट मारलेला ठसा लांबट होतो, म्हणून आधी सपाट पट्टी घासून घ्यायला हवी. १२० मिमी व्यासावर १२ मिमी रुंद पट्टीसाठी जेमतेम ०.३ मिमी घासावे लागते आणि बरेच जण तिथेच थांबतात. पण भट्टीतून आलेल्या काळ्या बारवर डिकार्बचा थर त्याहून खोल असू शकतो, आणि कार्बन गमावलेला तो मऊ थर ठशाला मोठा करतो. खरादायला माल शिल्लक असेल तर मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली जाऊन पुन्हा ठसा मारावा; आकडा वाढला तर डिकार्ब होता, तोच राहिला तर नव्हता. आपल्या बाबतीत आकडा वाढला तर पृष्ठभाग आणि लॅब यांतली दरी आणखी रुंद होईल, हेही ध्यानात असू द्या.

आजकाल अनेक ठिकाणी ब्रिनेलऐवजी हातात धरायचे रिबाउंड टेस्टर वापरतात आणि त्यांच्या पडद्यावर थेट मेगापास्कल उमटतात. हे मेगापास्कल कोणी मोजलेले नसतात. त्या यंत्राने एक छोटा कार्बाइड बॉल आपटून त्याचा परत येण्याचा वेग आपटण्याच्या वेगाशी ताडून पाहिलेला असतो. त्यावरून बीएचएन, आणि बीएचएनवरून टेन्साइल, असे दोन तक्ते एकावर एक रचलेले असतात. मटेरियलच्या यादीत चुकून दुसरे पोलाद निवडलेले असेल, पृष्ठभाग खडबडीत असेल किंवा जॉब पाच किलोपेक्षा हलका असून घट्ट टेकवलेला नसेल, तर पहिलाच तक्ता चुकतो. मोठा शाफ्ट जागेवर उभा असताना हे यंत्र उपयोगी पडते यात शंका नाही, पण त्याचा आकडा त्याच बारवर घेतलेल्या ब्रिनेल ठशाशी ताडून घेतल्याशिवाय मी टेन्साइलच्या चर्चेत आणत नाही. रॉकवेल सी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी आहे: २४८ बीएचएन म्हणजे जेमतेम २४ एचआरसी, ती मोजपट्टी २० च्या खाली वापरायचीच नसते, आणि या टोकाला दीड एचआरसीचा फरक ३५ मेगापास्कलइतका होतो. कारखान्यांतल्या कित्येक रॉकवेल मशीनवर एवढा फरक दोन ऑपरेटरांमध्येच पडतो.

मर्यादांचा दुसरा भाग पोलादाच्या जातीचा आहे. आपल्याला तो आज लागू नाही, पण त्याच तक्त्याने उद्या कोणी दुसरे मटेरियल तपासेल म्हणून लिहितो. वर सांगितले तसे हे नाते टिकते ते दोन्ही चाचण्या एकाच विकृतीपाशी भेटतात म्हणून. ज्या पोलादाला ओढताना ते खूप लांबपर्यंत कडक होत जाते, त्याचा कमाल भार आठ टक्क्यांच्या कितीतरी पुढे येतो. क्रशरच्या जबड्याचे मँगनीज स्टील हे याचे ठळक उदाहरण आहे: हार्डनेस २०० बीएचएनच्या आसपास, म्हणजे तक्त्याने ६९० मेगापास्कलच्या खाली, पण नीट क्वेंच केलेला नमुना ८०० च्या वर सहज जातो. ऑस्टेनिटिक स्टेनलेसही याच कारणाने साध्या पोलादाच्या तक्त्यात बसवू नये. उलट टोकाला ग्रे कास्ट आयर्न आहे: तिथेही २०० बीएचएन मिळतात, पण ग्राफाइटच्या पाकळ्या ओढण्यात फटींसारख्या वागतात आणि तुकडा २५० मेगापास्कलच्या आसपास तुटतो. दाबण्यात त्या फटी मिटतात, म्हणून बॉलला त्या जाणवत नाहीत. क्वेंच करून टेम्पर न केलेले किंवा अपुरे टेम्पर केलेले कडक पोलादही असेच. ते कमाल ताणापर्यंत पोचण्याआधीच एखाद्या खरचट्यावरून तुटू शकते, आणि तक्त्यातला दीड-दोन हजाराचा आकडा कागदावरच राहतो.

आता शाफ्टच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ज्याचा प्रश्नात उल्लेख नाही. हार्डनेस टेन्साइलचा अंदाज देते. यील्डचा तितका विश्वासार्ह अंदाज देत नाही, आणि इलॉंगेशन व इम्पॅक्टचा तर अजिबात देत नाही. ‘टी’ अवस्थेत टेन्साइलबरोबर सुमारे ६८० मेगापास्कल यील्ड आणि १३ टक्के इलॉंगेशनही मागितलेले असते. पूर्ण मार्टेन्साइट होऊन टेम्पर झालेल्या ईएन १९ मध्ये यील्ड टेन्साइलच्या ८० ते ९० टक्के असतो. क्वेंच ढिले पडून गाभ्यात फेराइट-पर्लाइट आले असेल तर हे प्रमाण ६५-७० टक्क्यांपर्यंत घसरते. दोन्ही नमुन्यांची हार्डनेस २५५ असू शकते, दोघांचे टेन्साइल ८७० असू शकते, पण एकाचा यील्ड ७३० आणि दुसऱ्याचा ६०० निघेल, आणि बॉलला यातला फरक कळणार नाही. म्हणून लॅबच्या त्याच रिपोर्टमधला यील्डचा आकडा आधी वाचा. ८३८ टेन्साइलबरोबर ७०० च्या जवळपास यील्ड असेल तर क्वेंच ठीक झाले आहे आणि फक्त टेम्परिंग थोडे जास्त झाले आहे. यील्ड ५६० असेल तर गाभा क्वेंचच झालेला नाही, आणि वर सांगितलेल्या उतारावरही तेच दिसेल. दोन्ही निदानांचे उपाय वेगळे आहेत.

पुढच्या बॅचसाठी माझा सल्ला असा की छापील गुणक बाजूला ठेवून आपला स्वतःचा गुणक तयार करावा. जेव्हा जेव्हा टेन्साइल नमुना लॅबला जाईल, तेव्हा तेव्हा त्याच नमुन्याच्या ग्रिपच्या टोकावर आपल्या मशीनने हार्डनेस घ्या आणि वहीत चार रकाने लिहा: हीट नंबर, नमुन्याची खोली, बीएचएन, लॅबचे टेन्साइल. ईएन १९ साठी आणि त्याच हीट ट्रीटमेंटवाल्यासाठी दहा-बारा नोंदी झाल्या की गुणक कुठे बसतो आणि किती पसरतो ते दिसू लागते. असा घरचा गुणक साधारण पाच टक्क्यांच्या आत राहतो असा माझा अनुभव आहे. छापील तक्ता कोणत्याही पोलादाला लावला तर मी दहा टक्के धरतो. मग ८५० ते १००० या पट्ट्याला दोन्हीकडून पाच टक्के सोडले तर ८९३ ते ९५० उरतात, आणि ३.४ च्या गुणकाने ते २६३ ते २७९ बीएचएन होतात. नमुना ज्या खोलीवरून घ्यायचा आहे त्या खोलीवर हार्डनेस या अरुंद पट्ट्यात असेल तर बार पुढे जाऊ द्या. पट्ट्याबाहेर पण २४८ ते ३०२ च्या आत असेल तर आधी टेन्साइल करा आणि मगच खराद सुरू करा. त्याच्याही बाहेर असेल तर लॅबचा खर्च न करता बार परत पाठवा. हार्डनेसचा खरा उपयोग या चाळणीत आहे. प्रत्येक शाफ्टमधून नमुना कापता येत नाही, पण प्रत्येक शाफ्टवर ठसा मारता येतो, आणि शंभर बारांच्या गठ्ठ्यात एखादा बार भट्टीच्या कोपऱ्यात राहून कच्चा निघाला असेल तर तो टेन्साइलच्या दोन नमुन्यांत नव्हे, ठशांतच सापडतो.

सर्टिफिकेटबद्दल. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर टेन्साइल मागितले असेल तर तो रकाना आयएस १६०८ किंवा आयएसओ ६८९२ प्रमाणे प्रत्यक्ष ओढलेल्या नमुन्याच्या आकड्यानेच भरावा लागतो. ३.१ प्रकारच्या तपासणी सर्टिफिकेटमध्ये तर त्याच मालाच्या प्रत्यक्ष चाचणीचे निकाल अपेक्षित असतात. तिथे गुणाकार करून आलेला आकडा लिहिणे म्हणजे न केलेली चाचणी केली असे सांगणे होय. हार्डनेस मात्र हार्डनेस म्हणून अवश्य लिहा आणि पूर्ण लिहा: २७७ एचबीडब्ल्यू १०/३०००, पृष्ठभाग १ मिमी घासून, बारच्या टोकापासून अमुक अंतरावर. ग्राहकाने केवळ माहितीसाठी टेन्साइल विचारले असेल तर वेगळ्या पत्रात ‘हार्डनेसवरून अंदाजे’ असा स्पष्ट उल्लेख करून पट्टा द्यावा, एकेरी आकडा नको.

आणि हातात असलेल्या बारचे काय करायचे? ग्राहकाशी बोलताना आधी नमुन्याची खोली ठरवा. ड्रॉइंगवर ती लिहिलेली नसेल तर १२.५ मिमीवरून दुसरा नमुना काढण्याची मागणी रास्त आहे, विशेषतः शाफ्टवर वाकण्याचा आणि पिळाचा ताण पृष्ठभागालाच सर्वांत जास्त असतो हे ग्राहकाच्या डिझाइनवाल्यालाही माहीत असते. मात्र तयार शाफ्टचा व्यास किती आहे ते पाहून बोला: १२० चा बार खरादून शाफ्ट ११४ मिमीचा होणार असेल तर हा युक्तिवाद टिकतो, पण एखादा टप्पा ७० मिमीपर्यंत उतरत असेल तर त्या टप्प्याचा पृष्ठभाग म्हणजे मूळ बारची २५ मिमी खोली, आणि तिथली हार्डनेस २५० च्या आसपासच असणार. तशा शाफ्टसाठी आधी रफ खरादून मग हार्डन-टेम्पर करून घेणे योग्य. ग्राहक मधल्या त्रिज्येवर ८५० वर अडून राहिला आणि यील्ड चांगला असेल, तर टेम्परिंगचे तापमान थोडे कमी ठेवून पुन्हा हार्डन-टेम्पर करता येईल. पृष्ठभाग ३०२ च्या वर जाणार नाही एवढे पाहावे. यील्डच कमी असेल तर टेम्परिंग बदलून काही साधणार नाही. पाण्यात किंवा तीव्र पॉलिमरमध्ये क्वेंच करून गाभा कडक करण्याचा प्रयत्न ०.४ कार्बनच्या या पोलादात तडे पाडू शकतो, विशेषतः चावीच्या खाचा आधीच पाडलेल्या असतील तर. त्या परिस्थितीत पुढच्या ऑर्डरला निकेल असलेले ईएन २४ सुचवावे. त्याची हार्डनेबिलिटी १२० मिमीला पुरते. किलोमागे दर जास्त पडेल, तो कोटेशनमध्ये आधीच वेगळा दाखवा.